झटका मशीन चालू, तरी डुकरं आत

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

एका मक्याच्या शेतावर मला बोलावलं होतं. कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन टकटक करत होतं, मीटर तारेवर 7000 व्होल्ट दाखवत होता, तरीही रानडुकरं रोज रात्री आत. मालकाला नवीन, मोठं मशीन घ्यायचं होतं. मी म्हटलं, आधी अर्थिंग दाखवा. मशीनजवळ कोरड्या मुरमात दोन फुटांची एकच सळई ठोकलेली होती.

मशीन साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं. तो तारेतून जनावराच्या अंगात, तिथून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईवाटे मशीनकडे परततो. हा फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. परतीची वाट अरुंद असेल, तर तारेवर व्होल्ट भरपूर दिसतात आणि डुकराला नुसती गुदगुल्या केल्यासारखी चुणूक लागते. त्यामुळे मोकळ्या तारेवरचा आकडा पाहून समाधान मानू नका.

आम्ही काय केलं ते सांगतो. अर्थिंग तपासायला मशीन बंद करून, तिथून 100 मीटरवर लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवल्या, म्हणजे जनावर टेकल्यासारखी वीज जमिनीत उतरते. मशीन चालू केल्यावर तारेवरचा दाब 2000 व्होल्टच्या खाली आला. मग अर्थिंगच्या सळईपासून मीटरभर अंतरावर दुसरी सळई रोवून दोहोंमधला दाब मोजला. तो 300 च्या आत हवा, तिथे 900 होता. पुन्हा मशीन बंद करून दोन-दोन मीटरच्या तीन जस्ती सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, पाटाच्या ओलसर कडेला ठोकल्या आणि जस्ती तारेनंच जोडल्या. तांब्याची तार जस्ताला जोडली की सांधा गंजतो. आता आकडा 200 आला. मशीन तेच राहिलं.

उन्हाळ्यात अख्खं रानच कोरडं पडलं, तर सळया वाढवूनही भागत नाही, कारण डुकराच्या पायाखालची मातीच वीज वाहून नेत नाही. अशा वेळी कुंपणात एक तार झटक्याची, पुढची अर्थिंगची, अशा आलटून पालटून ओढाव्या. डुकराचं अंग दोन्हींना एकदम टेकलं की मातीची गरज उरत नाही.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. मशीन 200 मिलीअँपिअर घेत असेल, तर 24 तासांत सुमारे 5 अँपिअर-तास लागतात, तीन ढगाळ दिवसांना 15. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणून 12 व्होल्टची किमान 30 ची घ्यावी. तिला 30 ते 40 वॉटचं पॅनल पुरतं, पण त्यावर झाडाची सावली नको.

आणि बॅटरी उतरली म्हणून घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडू नका. मशीनचा ठोका क्षणात संपतो, घरची वीज थांबत नाही आणि माणूस तारेला चिकटून जीव गमावतो. अर्थिंगही घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर ठेवा.