पाकिटावरचे ठळक अक्षर आपल्यासाठी नाही

(मंडळाच्या नव्याने जर्मनीत आलेल्यांसाठीच्या कार्यक्रमातलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या आहेत. विषय तुम्हाला कळवला होता की पाकिटावरची तारीख म्हणजे नेमकं काय, आणि त्यावर मी येणारच आहे, पण तारखेच्या आधी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही, कारण मी एका बेकरी कारखान्याच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये लेबलं तपासते आणि नवीन आलेली आपली माणसं कुठे फसतात ते मी रोज बघते.

इथे शाकाहारी किती जण आहेत? बरेच हात दिसतायत. मग आधी तुमच्याशी बोलते.

तुम्ही दुकानात पाकीट उलटं करता, वर लिहिलेलं असतं त्सुटाटन, म्हणजे घटक, आणि त्यात काही शब्द ठळक दिसतात. नवीन माणूस काय करतो, ठळक शब्दांवर नजर टाकतो, दूध दिसलं, गहू दिसला, म्हणतो बरं आहे, आणि टोपलीत टाकतो. आता हे ठळक कुणी आणि का केलंय ते बघू. युरोपचा ११६९/२०११ हा नियम आहे, डिसेंबर २०१४ पासून लागू झाला, त्यात १४ गोष्टींची यादी आहे ज्यांची ऍलर्जी लोकांना जास्त होते किंवा ज्यांनी त्रास होतो: गहू-राय-बार्लीसारखी ग्लुटेनवाली धान्यं, अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, सोया, बदाम-अक्रोड वगैरे, सेलरी, मोहरी, तीळ, कोळंबी-खेकड्यासारखे, शिंपल्यांसारखे, ल्युपिन नावाचं कडधान्य, आणि सल्फाइट. या १४ मधलं काही घटकांच्या यादीत आलं की ते उठून दिसलंच पाहिजे, ठळक म्हणा, अधोरेखित म्हणा, मोठ्या अक्षरात म्हणा. बाकी काहीही उठून दिसायची गरज नाही. मांस त्या यादीत नाही, जिलेटिन नाही, चरबी नाही. म्हणजे हे ठळक अक्षर दम लागून हॉस्पिटलात जाणाऱ्या माणसासाठी आहे, आपल्या खाण्याच्या नियमांसाठी नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच आज तुमच्या डोक्यात बसवायचंय.

एक केक घेऊ. फ्रीझरमध्ये मिळतो तो स्ट्रॉबेरी क्रीम केक, ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की येतो तो. समजा यादी अशी आहे: साय ३० टक्के, साखर, स्ट्रॉबेरी १५ टक्के, गव्हाचं पीठ, अंडं, स्टार्च, रेपसीडचं तेल, श्पायझेगेलाटीन म्हणजे खाण्याचं जिलेटिन, इमल्सिफायर मोनो आणि डायग्लिसराइड्स, बीट रस. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे बनवताना जे सगळ्यात जास्त टाकलं ते पहिलं. साय आणि स्ट्रॉबेरीपुढेच टक्के का, तर ते दोन शब्द केकच्या नावात आहेत, आणि ज्याचं नाव पुढे मिरवलं त्याचं प्रमाण सांगावं लागतं. आता ठळक काय दिसेल? साय, गहू, अंडं. आणि श्पायझेगेलाटीन? साध्या अक्षरात, मधोमध, साखरेसारखंच दिसतं. युरोपात खाण्याचं जिलेटिन बहुतेक करून डुकराच्या कातडीपासून बनतं, कधी गाईच्या कातडीहाडांपासून, तेव्हा पुढे रिंड म्हणजे गाय लिहिलेलं दिसू शकतं, नाही लिहिलं तर कुठलं ते कळत नाही. त्या यादीतला इमल्सिफायर, म्हणजे ई ४७१, तो वनस्पतीच्या तेलापासूनही होतो आणि प्राण्याच्या चरबीपासूनही, दोन्हीचं नाव तेच. लेबल वाचून ते सुटत नाही, कंपनीलाच विचारावं लागतं. आणि पाकिटावर जबाबदार कंपनीचं नाव-पत्ता असणं सक्तीचं आहे, तेव्हा ईमेल करा, उत्तर देतात, माझ्या टेबलावर अशी पत्रं येतात आणि आम्ही ती सप्लायरपर्यंत नेऊन उत्तर देतो.

तर आता माझ्या जुन्या दुखण्याकडे येते, चीज.

मी इथे आले तेव्हा एका दुकानात चीजच्या काउंटरवर विचारलं, यात मांसाहारी काही आहे का? बाईंनी अगदी मनापासून सांगितलं, नाही हो, चीज आहे, मांस कसं असेल. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना कळलंच नाही मी काय विचारतेय. दूध फाटायला जे लागतं त्याला इथे लाब म्हणतात, ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून येतं. हल्ली बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलंही खूप वापरतात. पण लेबलवर बघायला गेलात तर पहिला धक्का हा की ज्या चीजमध्ये दुधाचे पदार्थ, एन्झाइम, जिवाणूंचं विरजण आणि मीठ एवढंच आहे त्याला नियमानुसार घटकांची यादी द्यायचीच गरज नाही! यादी नाही म्हणजे लाबही दिसणार नाही. बरं, यादी दिली तरी कुठलं लाब ते सांगायची सक्ती नाही. मग मी काय करते, पाकिटावर मिक्रोबिएलेस लाब किंवा सरळ वेगेटारिश असं लिहिलेलं शोधते. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो या नावाने जे विकलं जातं त्यात वासराचंच लाब असतं, त्यांच्या संरक्षित नावाच्या नियमातच ते आहे, तेव्हा तिथे शोधूच नका. पास्त्याच्या पेस्टोतही बऱ्याचदा तेच घातलेलं असतं, शाकाहारी माणसाला तिथे कळत नाही.

मला राग कशाचा येतो सांगू का, ऍलर्जीचं जे मुद्दाम वापरलंय त्याच्या बाबतीत कायद्याने एक फट ठेवली नाही. गाळायला वापरलेला पदार्थ असला तरी तो १४ मधला असेल आणि खाण्यात राहिला असेल तर सांगायलाच हवा, म्हणून वाइनच्या बाटलीवर अंडं किंवा दूध लिहिलेलं सापडतं. पण सफरचंदाचा स्वच्छ पारदर्शक ज्यूस जिलेटिनने गाळला असेल तर ते घटक नाही, बनवतानाचं मदतीचं साधन समजतात, लेबलवर एक शब्द नाही. म्हणून मी नाटुरट्र्यूब म्हणजे गढूळवाला ज्यूस घेते, त्यात सहसा हे गाळणं होत नाही. ज्याला मुलाच्या ऍलर्जीची काळजी आहे त्याला पूर्ण माहितीचा हक्क मिळाला हे चांगलंच झालं, पण जो धर्मासाठी किंवा तत्त्वासाठी वाचतो त्यालाही मिळायला हवा असं मला वाटतं.

थांबा, तुमचा प्रश्न आला, कान श्पूरन म्हणजे काय. कान श्पूरन फोन एर्डन्युसन एंटहाल्टन, शेंगदाण्याचा अंश असू शकतो. हे वाक्य कंपनी स्वतःच्या मर्जीने लिहिते, कायद्याची सक्ती नाही, आणि किती अंश असला की लिहायचं याचा आकडाही कायद्यात नाही. आमच्याकडे कसं होतं बघा, एकाच लाइनवर आधी बदामाचा माल, मग साधा. पिठाची लाइन आम्ही झाडतो, पुसतो, पण सगळे सांधे खोलता येत नाहीत. चॉकलेटच्या लाइनवर तर पाण्याने धुताच येत नाही, पाणी आणि चॉकलेटचं जमत नाही, म्हणून गडद चॉकलेटमध्येही दूध सापडतं, यादीत दूध नसताना. तेव्हा ज्याला खरंच ऍलर्जी आहे त्याने एवढं धरून चालावं की ते वाक्य नाही म्हणजे अंश नाही असं होत नाही. विचारायचं, आणि प्रत्येक वेळी पाकीट नव्याने वाचायचं, रेसिपी बदलते आणि डिझाइन तेच राहतं.

आपल्यासाठी एक खास गोष्ट. डबीतला हिंग, तो शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि इथे विकताना त्यावर जर्मनमध्ये वाइत्सन असं यायलाच हवं. तुमच्याकडे ग्लुटेन न चालणारे पाहुणे येणार असतील तर आमटीत तो हिंग घालण्याआधी डबी वाचा, तांदळाच्या पिठाचाही मिळतो. आणि सुट्या मालाला, म्हणजे बेकरीतल्या ब्रेडला, लेबल नसतं, त्यात १४ मधलं काय आहे ते तोंडी सांगितलं तरी चालतं पण त्याचा लेखी कागद त्यांच्याकडे असायलाच लागतो. मागा, वही काढून दाखवतात, त्यांना वावगं वाटत नाही.

अरे, हॉल रिकामा करायचाय म्हणून खूण होतेय, आणि तारखा राहिल्या! पटकन सांगते, पण नीट ऐका.

तारखा दोन प्रकारच्या. पहिली मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस, सगळे एमएचडी म्हणतात. ही कंपनीची हमी आहे, की न उघडता, सांगितल्याप्रमाणे ठेवलं तर या तारखेपर्यंत चव, वास, पोत जसा हवा तसा राहील. ती उलटली म्हणून माल खराब झाला असं नाही, दुकानाला विकताही येतो, बघून आणि जबाबदारी घेऊन, म्हणून स्वस्त केलेला दिसतो. दही, बिस्किट, पास्ता, तारीख गेली तर बघा, वास घ्या, थोडं चाखा, ठीक असेल तर खा. मागे एंडे म्हणजे अखेर असा शब्द असेल तर फक्त महिना किंवा वर्ष दिलेलं असतं, एंडे ०५.२०२७ म्हणजे मे महिना संपेपर्यंत. आणि एल ने सुरू होणारा आकडा हा लॉट नंबर आहे, त्याला तारीख समजू नका.

दुसरी त्सु फेरब्राउखन बिस. ही खिमा, ताजी कोंबडी अशा पटकन बिघडणाऱ्या मालावर असते आणि ती उलटली की दुकानात विकायला बंदी आणि घरात खायचंही नाही. इथे वास घेऊन ठरवायचं नाही, साल्मोनेलासारख्या जंतूंना वास येत नाही, कोंबडी अगदी ताजी वाटते आणि माणूस आजारी पडतो. जवळ तापमान छापलेलं असतं, खिम्यावर जास्तीत जास्त २ अंश, आणि घरचा फ्रीज सहसा त्याहून गरम असतो, म्हणून आणल्या दिवशीच शिजवा किंवा फ्रीझरला टाका, तारखेच्या आत.

शेवटचं, उघडल्यावर दोन्ही तारखा संपल्या. नाख डेम ओफनन, म्हणजे उघडल्यानंतर, याच्यापुढे लिहिलेले दिवस मोजा, ३ दिवस म्हटलं तर ३ दिवस, मग एमएचडी पुढच्या महिन्याचा का असेना. ज्यांना पाकीट आणलंय ते दाखवायचंय त्यांनी बाहेर जिन्याजवळ या, मी थांबलेय.