दुकान कुठल्या देशाचं?

(वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे फोनमधलं ॲपचं दुकान कुठल्या देशाचं धरलं जातं हा. तो लहान वाटेल, पण ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात तो एकदा तरी आलेला असतो. मुलगा किंवा मुलगी तिकडून फोन पाठवते, किंवा आपण तिकडे जाऊन आल्यावर सोबत घेऊन येतो. खातं तिथेच उघडलेलं असतं, कार्डही तिथलंच जोडलेलं असतं. इथे आल्यावर ॲपचे भाव डॉलरमध्ये दिसतात, आपल्या बँकेचं ॲप शोधलं तर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं येतं, आणि पैसे भरायला गेलं तर यूपीआयचा पर्यायच दिसत नाही.

अशा वेळी आपण सगळ्यात आधी काय करतो? सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करतो. फोन मराठीत बोलायला लागतो, पण भाव डॉलरमध्येच राहतात. मग वाटतं की फोनच बिघडलाय. फोन बिघडलेला नसतो. भाषा ही तुमची आवडनिवड आहे, ती दिवसातून दहा वेळा बदलली तरी कुणी हरकत घेत नाही. देश हा पैशांच्या व्यवहाराचा भाग आहे. कुठला कर लावायचा, कुठल्या चलनात बिल काढायचं, कुठली गोष्ट तुम्हाला विकायचा हक्क कंपनीकडे आहे, हे सगळं देशावर ठरतं. म्हणून तो बदलायला अटी असतात.

आणि हा देश एकाच जागी लिहिलेला नसतो, खरा घोटाळा तिथे आहे. अँड्रॉइड फोनचंच घ्या. पहिला देश म्हणजे तुम्ही आत्ता कुठे आहात. तो इंटरनेटच्या पत्त्यावरून कळतो. दुसरा देश गूगल खात्याशी जोडलेला असतो, म्हणजे कुठल्या देशाच्या अटी तुम्हाला लागू आहेत तो. policies.google.com/terms हे पान खात्यात लॉग इन करून पाहिलंत तर वरच Country version असं लिहून देशाचं नाव दिसतं. तिसरा तुमच्या पेमेंट प्रोफाइलचा, म्हणजे पैसे भरण्यासाठी गूगलकडे नोंदवलेल्या माहितीचा देश. आणि चौथा प्ले स्टोअरचा. चौघांवर चार वेगळी नावं असू शकतात. भाव ठरवणारा मुख्यतः शेवटचा, आणि तो तिसऱ्याचा हात धरून चालतो.

पहिला देश कसा फसतो ते जरा थांबून सांगतो, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. समजा तुम्ही न्यूजर्सीत आहात आणि इथल्या सिमवर रोमिंगचा पॅक टाकलाय. तुमचं इंटरनेट तिथल्या टॉवरवरून निघतं, पण बहुतेक वेळा आधी भारतातल्या तुमच्या कंपनीच्या जाळ्यात येतं आणि तिथून बाहेर पडतं. म्हणजे तुम्ही अमेरिकेत बसून भारतात असल्यासारखे दिसता. प्रवासासाठी जी ई-सिम मिळते तिचं तर आणखी वेगळं. ती कित्येकदा सिंगापूर किंवा हाँगकाँगमधून बाहेर पडते. विमानतळावर अशा ई-सिमवर नवा फोन सुरू करून खातं उघडलंत, तर खात्याला भलताच देश चिकटायची पूर्ण शक्यता असते. म्हणून माझी विनंती आहे, फोन पहिल्यांदा सुरू करताना ज्या देशात तो वापरायचा आहे त्या देशातल्या घरच्या वायफायवर करा, आणि व्हीपीएन, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच देशात आहात असं भासवू शकणारी सोय, बंद ठेवा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. सांगलीचे एक काका धरा. मुलाने तिकडे खातं उघडून दिलं, स्वतःचं कार्ड जोडलं, वर वीस डॉलरचं गिफ्ट कार्डही टाकलं. काका सांगलीत परतले. आता मुलाच्या कार्डावरून डॉलर जातात, आणि काकांना इथल्या यूपीआयने ते भरायचे आहेत.

फरक किती पडतो? यूट्यूब प्रीमियमचंच पाहू. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत एका माणसाची महिन्याची वर्गणी १३.९९ डॉलर झाली. भारतात ती ऑगस्ट २०२४ पासून १४९ रुपये झाली. डॉलर ८५ रुपये धरला तर १३.९९ डॉलरचे ११८९ रुपये होतात. इथलं कार्ड परकीय चलनात वापरलं तर बँक सहसा दोन ते साडेतीन टक्के आकारते, त्यावर पुन्हा जीएसटी. म्हणजे सव्वाबाराशेच्या आसपास जातं, तेही एका महिन्याचं. हे भाव बदलत राहतात, पण कित्येक पटीचं हे अंतर फक्त डॉलरच्या दराचं नाही. कंपन्या प्रत्येक देशातल्या लोकांची खर्चाची ताकद बघून वेगळा भाव लावतात, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

तर काकांनी काय करायचं? प्ले स्टोअर उघडायचं, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर दाबायचं, मग Settings, त्यात General, त्यात Account and device preferences, आणि तिथे Country and profiles. इथे जगातल्या सगळ्या देशांची यादी मिळत नाही. आत्ताचा देश दिसतो, आणि तुम्ही प्रत्यक्ष जिथे आहात तो देश दिसतो. म्हणून न्यूजर्सीत बसलेल्या मुलाला हे काम तिकडून करता येत नाही, ते सांगलीतच करावं लागतं. आणि काकांच्या फोनवर परदेशातलं व्हीपीएन चालू असेल तर सांगलीतही भारत दिसणार नाही. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं.

भारत निवडला की प्ले स्टोअर इथली पैसे भरायची सोय मागतं. इथलं कार्ड किंवा यूपीआय जोडायचं. या टप्प्यावर भारतासाठी नवी पेमेंट प्रोफाइल तयार होते. जुन्या प्रोफाइलचा देश खोडून भारत लिहिता येत नाही, त्यामुळे पत्ता बदलत बसण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेच्या प्रोफाइलमध्ये सांगलीचा पिनकोड बसवायचा खटाटोप करणारे लोक मी पाहिलेत, तो बसत नाही. बदल लागू व्हायला ४८ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. दोन दिवसांनीही डॉलरच दिसले तर फोनच्या सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत प्ले स्टोअर शोधून त्याचा कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, साफ करा आणि पुन्हा उघडा.

पण हे बटण दाबण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. त्यांचा क्रम चुकला तर त्रास होतो. पहिली गोष्ट ते वीस डॉलर. देश बदलला की जुन्या देशातली शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. ती बुडत नाही, पण परत अमेरिकेचं खातं केल्याशिवाय हाताला लागत नाही. म्हणून ती आधी खर्चून टाका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्ले स्टोअरचा देश एकदा बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही. आपल्याकडे कितीतरी आईवडील दरवर्षी पाच-सहा महिने मुलांकडे जातात. तिथल्या एखाद्या ॲपच्या हौसेपायी देश अमेरिका केला आणि चार महिन्यांनी परतलात, तर पुढचे आठ महिने इथे डॉलरच्या दुकानात बसावं लागेल. त्यामुळे ज्या देशात तुमचं बँक खातं आणि घर आहे, तिथेच देश ठेवा. भेटीला गेलात म्हणून बदलू नका.

देश बदलल्यावर काही ॲप, खेळ, विकत घेतलेली पुस्तकं किंवा चित्रपट नव्या देशात मिळेनासे होऊ शकतात, हेही आधीच धरून चाला. तिथली जी गोष्ट सोडवत नाही ती इथे चालते का, ते आधी बघा. आणखी एक अडचण कुटुंबाच्या गटाची. मुलाने काकांना त्याच्या गूगल फॅमिलीमध्ये घेतलं असेल, तर गटातल्या सगळ्यांचा देश गटप्रमुखाच्या देशाशी जुळायला हवा असा नियम आहे. बाप सांगलीत आणि प्रमुख मुलगा न्यूजर्सीत, हा मेळ बसत नाही. काकांनी त्या गटातून बाहेर पडून इथे स्वतंत्र राहणं सोयीचं.

आता भाव सोडून ‘काय बघायला मिळतं’ याकडे येतो. इथे नेटफ्लिक्सचं उदाहरण चांगलं आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी वेगळ्या चालतात. कुठले चित्रपट दिसायचे ते तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावर ठरतं. पैसे कुठल्या चलनात जायचे ते खातं कुठे सुरू केलं त्यावर. म्हणजे काका सांगलीत बसून भारतातली यादी बघतात, पण मुलाने तिकडे उघडलेल्या खात्याचे पैसे डॉलरमध्येच जात राहतात. भारतात १४९ रुपयांची फक्त फोन-टॅबवर चालणारी योजना २०२१ च्या डिसेंबरपासून आहे, ती त्या खात्यात कधी दिसणारच नाही. ती हवी असेल तर खातं बंद करून, भरलेल्या पैशांची मुदत संपली की इथून पुन्हा सुरू करावं लागतं. प्रोफाइलची भाषा बदलून यादीत नवे चित्रपट येत नाहीत. मात्र आवाज आणि सबटायटल्सच्या भाषांचं थोडं वेगळं आहे. टीव्हीवर २०२५ पर्यंत सगळ्या भाषा एकदम दाखवत नसत. तुमची जागा आणि प्रोफाइलची भाषा बघून पाच ते सात भाषा पुढे करत. आजही एखादी भाषा त्या चित्रपटाला असूनही दिसत नसेल, तर प्रोफाइलच्या भाषेच्या सेटिंगमध्ये ती निवडून बघा. भाषेच्या सेटिंगचा उपयोग होतो तो इथे.

शेवटी आयफोनवाल्यांसाठी, कारण मघाशी समोरून तसा प्रश्न आला. आयफोनच्या Language & Region मध्ये जाऊन Region भारत केलं की काम झालं असं अनेकांना वाटतं. तिथे मुख्यतः तारखा आणि आकडे लिहायची पद्धत बदलते. ॲप स्टोअरचा देश वेगळ्या जागी आहे: Settings मध्ये वर तुमच्या नावावर दाबा, मग Media & Purchases, मग View Account, तिथे Country/Region. ॲपलच्या अटी गूगलपेक्षा कडक आहेत. खात्यात शिल्लक पूर्ण शून्य हवी. चालू वर्गण्या रद्द करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. कुटुंबाच्या गटात असाल तर कधीकधी आधी बाहेर पडावं लागतं, आणि नव्या देशातली पैसे भरायची सोय लागतेच. यात सगळ्यात चिवट अडचण उरलेल्या सुट्ट्या पैशांची. खात्यात काही सेंट शिल्लक असले आणि तेवढ्यात काहीच विकत मिळत नसलं, तर देश बदलायला नकार येतो आणि कारण चटकन लक्षात येत नाही. तेव्हा ॲपलच्या मदत विभागाला कळवून ती शिल्लक शून्य करून घ्यावी लागते. तुमची वर्षभराची वर्गणी मार्चमध्ये संपणार असेल तर आत्ता नूतनीकरण फक्त रद्द करून ठेवा. तोपर्यंत सेवा चालू राहील, आणि देश एप्रिलमध्ये बदलता येईल.