जुन्या साहेबांना पत्र लिहिताना

नमस्कार श्रोतेहो.

फौजेतून घरी आलेला जवान नोकरीसाठी अर्ज करतो. कंपनी विचारते, तुमच्या कामाविषयी खात्रीनं सांगेल असं कोणी आहे का? मग जुन्या साहेबांना पत्र लिहायची वेळ येते. बहुतेक वेळा ते असं लिहिलं जातं: "साहेब, मी आपल्या हाताखाली होतो. कृपया माझ्याविषयी दोन चांगले शब्द लिहून द्यावेत."

साहेब लिहूनही देतात. प्रामाणिक, मेहनती, शिस्तीचा. पण हे तीन शब्द प्रत्येक माजी सैनिकाच्या शिफारशीत असतात, त्यामुळे कंपनीला त्यातून काहीच कळत नाही. शिवाय तुमच्या वर्तनाचा शेरा डिस्चार्ज बुकात आधीच नोंदलेला आहे. सेवा किती झाली, कोणते कोर्स केले, हेही तिथे आहे. त्या कागदात काही दुरुस्ती हवी असेल, तर ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यायची, साहेबांकडून नाही. साहेबांकडून हवं ते वेगळंच. तुम्हाला काम करताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, ते त्यांनी सांगायचं. आणि साहेबांना ते आठवेल असं लिहायचं, ही तुमची जबाबदारी. कारण एका अधिकाऱ्याच्या हाताखालून कितीतरी जवान गेलेले असतात, आणि कमांडिंग ऑफिसर साधारण दोन-तीन वर्षांतच पुढच्या नेमणुकीवर जातात.

म्हणून पहिला प्रश्न: लिहायचं कुणाला? पुष्कळ जण थेट कमांडिंग ऑफिसरना लिहितात, कारण हुद्दा मोठा. पण सीओ साहेबांनी तुम्हाला फक्त परेडवर आणि दरबारात पाहिलं असेल, तर ते सामान्य वाक्यांपलीकडे लिहूच शकणार नाहीत. कंपनी कमांडर साहेबांनी तुमचं रोजचं काम पाहिलेलं असतं. मेजर साहेबांचं नेमकं पत्र कर्नल साहेबांच्या मोघम पत्रापेक्षा जास्त कामाला येतं. चार वर्षं पूर्ण करून परतणाऱ्या अग्निवीरांनीही कंपनी कमांडरनाच विचारावं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्याकडचे एक हवालदार बावीस वर्षांची नोकरी करून परतले. शेवटची दोन-अडीच वर्षं ते कंपनीचे सीक्यूएमएच होते, म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. चाकणच्या एका गोदामात सुपरवायझरची जागा निघाली आहे. ते पत्र असं लिहू शकतात:

"आदरणीय साहेब, जय हिंद. मी माजी हवालदार अमुक, आर्मी नंबर अमुक. आपण कंपनी कमांडर असताना मी दोन वर्षं चार महिने सीक्यूएमएच होतो. आपल्याला आठवत असेल, पहिल्याच पावसाळ्यात स्टोअरचं छत गळलं होतं. त्या रात्री आम्ही ब्लँकेटं आणि तंबू कोरड्या जागी हलवले. नंतर सगळं वाळवून एकेक वस्तू लेजरशी ताडून पाहिली, आणि खराब झालेला माल वेगळा काढून बोर्डापुढे ठेवला. मी चार्ज सोडला, तेव्हा हँडिंग-टेकिंगमध्ये तूट निघाली नव्हती.

"साहेब, मी एका गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. तिथे आवक-जावक लिहिणं, साठा मोजणं आणि सहा माणसांना कामं वाटून देणं, एवढी जबाबदारी आहे. आपण माझं स्टोअरचं काम जसं पाहिलं, तसं एका पानात लिहून द्यावं, ही विनंती. अर्जाची मुदत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आहे. जाहिरात आणि माझा एक पानाचा बायोडाटा सोबत जोडला आहे. काही कारणानं जमणार नसेल, तर तसं कळवावं, माझ्या मनात काहीही राहणार नाही."

या पत्रात स्तुती मागितलेली नाही. गळलेलं छत आणि हँडिंग-टेकिंग, या दोन गोष्टी साहेबांच्या समोर घडलेल्या आहेत. त्या वाचल्या की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो आणि पुढचं साहेब स्वतःच लिहितात. "जमणार नसेल तर कळवावं" हे वाक्यही मुद्दाम घातलंय. ज्यांना मनापासून लिहायचं नाही, त्यांच्याकडून ओढूनताणून घेतलेलं पत्र कोरडं निघतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

दुसरी गोष्ट भाषेची. सीक्यूएमएच, कोत, फटीग, हे शब्द साहेबांना कळतात, गोदामाच्या मॅनेजरला नाही. साहेबांनी सवयीनं फौजी शब्दच लिहिले, तर पत्र वाया जातं. म्हणून वेगळ्या कागदावर चार-पाच ओळींत तुमचं काम साध्या शब्दांत लिहून सोबत द्या: कंपनीचं साहित्य आणि कपडे यांचा साठा सांभाळणं, आलेला आणि दिलेला माल नोंदवणं, रेशनमध्ये आधी आलेला माल आधी देणं. कधी कधी साहेब म्हणतात, "तूच लिहून पाठव, मी सही करतो." तेव्हाही फक्त ही घडलेल्या कामाची यादी द्या. स्वतःच्या कौतुकाची वाक्यं स्वतः लिहू नका. दोन जणांची पत्रं शब्दाला शब्द सारखी निघाली, की दोघांवरही शंका येते.

काय लिहायचं नाही, तेही सांगायला हवं. युनिट कुठे तैनात होती, माणसं किती, हत्यारं कोणती, कोणत्या मोहिमेत होतात, यातलं काहीही पत्रात किंवा बायोडाटात येता कामा नये. वर्दी उतरली तरी १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा लागू असतो. गोदामाच्या कामासाठी त्याची गरजही नाही.

आणि त्या साहेबांच्या काळात तुम्हाला रेड इंक एन्ट्री झाली असेल, तर? ती लपवायला सांगू नका. त्यांना ती आठवणारच. पत्रात एका वाक्यात तिचा उल्लेख करा आणि त्यानंतर काय काम केलं ते लिहा. त्यावर लिहायचं की नाही, हे साहेबांना ठरवू द्या.

पत्र मराठीत की हिंदीत? साहेबांशी ज्या भाषेत बोलत होतात, त्याच भाषेत. मात्र शिफारस इंग्रजीत हवी असेल, तर तसं आधीच सांगा. हुद्दा नीट तपासा, दरम्यान बढती झालेली असू शकते. निवृत्त झाले असतील, तर हुद्द्यापुढे 'निवृत्त' लिहा. पत्ता माहीत नसेल, तर रेजिमेंटल सेंटरकडे किंवा माजी सैनिक संघटनेकडे पत्ता न मागता, पत्र पुढे पाठवण्याची विनंती करा. डिस्चार्ज बुकाची फार तर झेरॉक्स जोडा, मूळ प्रत कधीही पाठवू नका. युनिटच्या लेटरहेडचा किंवा शिक्क्याचा आग्रह धरू नका. साहेबांनी व्यक्तिगत पत्र म्हणून लिहिलं, तरी पुरतं.

मुदतीच्या तीन आठवडे आधी पत्र जायला हवं. सेवेत असलेले अधिकारी एक्सरसाइजवर किंवा रजेवर असू शकतात, आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओमार्फत जाणारी टपाल कधी पोचेल ते सांगता येत नाही. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही, तर एक फोन करा. तरीही काही कळलं नाही, तर पाठपुरावा थांबवा आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या दुसऱ्या कुणाला विचारा. वरच्या उदाहरणात ते क्वार्टर मास्टर साहेब किंवा कंपनीचे सीनियर जेसीओ असू शकतात.

एक परवानगी मात्र आधीच घ्या: त्यांचा फोन नंबर कंपनीला दिला तर चालेल का? हे न विचारता नंबर दिला आणि अनोळखी माणसानं कामाच्या वेळेत फोन केला, तर साहेब दोन शब्दांत आटोपतील. परवानगी मिळाली, की कोणत्या कंपनीचा आणि साधारण कोणत्या आठवड्यात फोन येईल, ते त्यांना कळवून ठेवा. मुलाखत झाली, की निकाल काहीही लागो, तोही त्यांना कळवा.