जाहिरात थकली की बाजार महागला?

मंडळी, आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. हळद, लोणची, साड्या, क्लासेस, बियाणं असं काहीही विकणारी माणसं मला हेच विचारतात: "पहिल्या आठवड्यात पंधरा रुपयाला एक चौकशी यायची, आता तीस पडतात. ॲडमध्ये तर काहीच बदललं नाही, मग असं का झालं?" काहीच बदललं नाही, हेच बहुतेक वेळा त्याचं उत्तर असतं. पण दरवेळी नाही. म्हणून नवीन व्हिडिओ काढायला धावण्याआधी खर्च नेमका कुठून वाढला हे शोधायला शिकूया. मी फेसबुक आणि इन्स्टाग्रामबद्दल बोलतोय, कारण इथल्या छोट्या धंद्यांचे पैसे मुख्यतः तिथेच जातात.

एक उदाहरण घेऊ. वसमतकडचं एक घर आहे, स्वतःच्या शेतातली हळद दळून अर्ध्या किलोच्या पाकिटात विकतं. जाहिरात दाबली की थेट व्हॉट्सॲप उघडतं. संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर या शहरांतल्या घर सांभाळणाऱ्या बायकांना ती दिसते. रोजचे ६०० रुपये, म्हणजे आठवड्याला ४२००. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी गोल केले आहेत.

पहिल्या आठवड्यात हजार वेळा जाहिरात दाखवायला ९० रुपये लागत होते. यालाच सीपीएम म्हणतात. हजार वेळा दिसली की १५ जणी लिंक दाबायच्या, म्हणजे सीटीआर दीड टक्का. त्या १५ पैकी ६ जणी खरोखर मेसेज पाठवायच्या. ९० रुपयांत ६ मेसेज, म्हणजे एक मेसेज १५ रुपयांना. आठवड्याचे मेसेज २८०.

तिसऱ्या आठवड्यात सीपीएम ९६ झाला आणि हजारात १५ ऐवजी साडेबारा जणी लिंक दाबू लागल्या. मेसेज पाच. एका मेसेजला १९ रुपये. पाचव्या आठवड्यात सीपीएम १०८, दाबणाऱ्या ९, मेसेज सरासरी ३.६, दर बरोबर ३० रुपये. त्याच ४२०० रुपयांत आता १४० मेसेज, म्हणजे निम्मे.

बहुतेक लोक पाचव्या आठवड्यात जागे होतात, आणि त्यात त्यांची एकट्याची चूक नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, आपण जिथून जाहिराती चालवतो त्या ॲड्स मॅनेजरच्या डिलिव्हरीच्या रकान्यात स्वतःच इशारा देते. आधीच्या जाहिरातींपेक्षा दर वाढला की तिथे `Creative limited` असं दिसतं, आणि दर दुप्पट किंवा त्याहून जास्त झाला की `Creative fatigue`. दुप्पट झाल्यावर मिळणारा इशारा हा झालेल्या नुकसानीचा हिशेब आहे. आपल्याला तिसऱ्या आठवड्यातच कळायला हवं होतं.

ते कळायचं कसं? प्रति मेसेज खर्च हा एकच आकडा पाहिला तर कळत नाही, कारण तो तीन गोष्टींतून तयार होतो: दाखवण्याचा भाव, दाबणाऱ्यांचं प्रमाण, आणि दाबल्यावर मेसेज करणाऱ्यांचं प्रमाण. तिन्ही वेगवेगळे वाचा. दसऱ्या-दिवाळीच्या आधी काय होतं ते बघा. मोठ्या कंपन्या बाजारात उतरतात, सीपीएम ९० वरून १३० वर जातो. पण दाबणाऱ्या हजारात १५ च आहेत आणि मेसेज ६ च आहेत. मेसेजचा दर २२ रुपयांपर्यंत चढला, तरी जाहिरात ताजीतवानी आहे. अशा वेळी चांगली चालणारी जाहिरात बंद करून नवी लावणं म्हणजे हातातलं घालवणं. दिवाळीत मी अनेकांना ही चूक करताना पाहतो, आणि मनापासून वाईट वाटतं.

आता दुसरी शक्यता. दाबणाऱ्या १५ च आहेत, पण मेसेज ६ वरून ३ वर आले. तर व्हिडिओ ठीक आहे, पुढे काहीतरी अडतंय. व्हॉट्सॲप उघडल्यावर दिसणारं नाव ओळखीचं नाही, किंवा आधीच लिहून दिलेला मेसेज जाहिरातीशी जुळत नाही. तिथे दुरुस्ती करा, कॅमेरा हातात घेऊ नका.

थकवा तेव्हाच म्हणायचा जेव्हा दाबणाऱ्यांचं प्रमाण घसरतं आणि त्याच वेळी फ्रीक्वेन्सी चढते. फ्रीक्वेन्सी म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा जाहिरात दिसली. आपल्या हळदीची आठवड्याची फ्रीक्वेन्सी पहिल्यांदा १.४ होती, तिसऱ्या आठवड्यात २.१, पाचव्यात २.९. लोक मला विचारतात, किती झाली की धोका? असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. तीन ही सरासरी आहे. त्यात कुणाला एकदाच दिसली असेल, तर कुणाला आठ-नऊ वेळा. म्हणून फ्रीक्वेन्सी एकटी वाचू नका, सीटीआरच्या शेजारी ठेवून वाचा. आणि सीटीआरसुद्धा लिंकचाच घ्या. तिथे दुसरा एक सीटीआर असतो, त्यात लाइक आणि "आणखी पहा" दाबणंही मोजलं जातं. तो फुगलेला राहतो आणि घसरण झाकतो.

घसरण का होते, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. फक्त कंटाळा हे कारण नाही. यंत्रणा सुरुवातीला जाहिरात अशांना दाखवते ज्या दाबतील असं तिला वाटतं. त्यांतल्या ज्यांना हळद हवी होती त्यांनी घेतली. उरल्या त्या मुळातच कमी उत्सुक, आणि त्यांच्यासमोर तेच चित्र पुन्हा पुन्हा येतं. शिवाय जागेचा लिलाव फक्त पैशांवर ठरत नाही. तुमची जाहिरात दाबली जाण्याची शक्यता किती, हेही त्यात धरतात. ती शक्यता घटली की त्याच जागेसाठी जास्त बोली लागते. म्हणून आपल्या उदाहरणात सीटीआर घसरला तसा सीपीएमही हळूहळू चढला. दिवाळीतला सीपीएम चढतो तेव्हा सीटीआर जागेवर असतो, हा फरक लक्षात ठेवा.

आणखी एक सावधगिरी. एका दिवसाच्या आकड्यावर घाबरू नका. आपल्या हळदीला दिवसाला साधारण १०० क्लिक येतात. अशा मोजणीत आठ-दहाचा चढउतार नुसत्या योगायोगाने होतो. १०० चे ९० झाले, यात काही अर्थ नाही. आठवड्याचे ७०० क्लिक घेतले तर तोच योगायोग चार टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून सात दिवसांची बेरीज करा आणि त्या जाहिरातीच्या स्वतःच्याच चांगल्या आठवड्याशी ताडून बघा, शेजाऱ्याच्या जाहिरातीशी नाही. मी धरतो तो नियम असा: सलग दोन आठवडे लिंकचा सीटीआर खाली, एकूण घट १५ टक्क्यांहून जास्त, आणि फ्रीक्वेन्सी वर. हळदीचा सीटीआर १.५ वरून १.४ आणि मग १.२५ झाला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घंटा वाजली. तेव्हा दर १९ रुपये होता, ३० नव्हे.

आता नवीन जाहिरात कशी करायची? इथे सगळ्यात जास्त श्रम वाया जातात. या घरानं आधी काय केलं, तर पाकिटामागचा पांढरा रंग पिवळा केला आणि किमतीची अक्षरं मोठी केली. बघणारीच्या दृष्टीने ती तीच जाहिरात आहे. तिने ती पाहिलीय, तिचा अंगठा थांबणार नाही. बदलायचं असतं ते थांबण्याचं कारण, आणि ते पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसावं लागतं.

हळदीचंच घ्या. पहिल्या जाहिरातीत पाकीट होतं आणि "घरची शुद्ध हळद" ही ओळ. दुसरी जाहिरात शेतातून सुरू करता येईल: काढणीनंतर हळद शिजवतात त्याची वाफ, मग उन्हात पसरलेला ढीग, पॉलिशच्या ड्रममधून बाहेर पडणारी हळकुंडं. हे वसमतच्या माणसाला रोजचं, पण शहरातल्या बाईनं पाहिलेलं नसतं. तिसरी जाहिरात थेट आक्षेपाला भिडावी: "दुकानापेक्षा महाग का?" असं आजी विचारते आणि सूनबाई हळकुंड तोडून आतला रंग दाखवते. चौथी उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भरणाऱ्यांसाठी, दोन-तीन किलोची. वस्तू एकच, पण घेण्याची कारणं चार वेगळी. शूटिंग मोबाइलवर होतं, एकाच दिवसात तिन्ही होतात. काढणीच्या हंगामातच वाफेचं चित्रीकरण करून ठेवा, पावसाळ्यात ते मिळणार नाही.

ती लावायची कुठे? जुन्याच ॲड सेटमध्ये, म्हणजे एकाच प्रेक्षकवर्गासाठी एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटात टाकली तर दोन अडचणी येतात. जुन्या जाहिरातीकडे आधीची माहिती असते, म्हणून बहुतेक पैसे तिलाच जातात आणि नवीनला संधीच मिळत नाही. दुसरं, नवीन जाहिरात टाकली की तो ॲड सेट पुन्हा शिकण्याच्या अवस्थेत जाऊ शकतो, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा नव्याने चाचपू लागते. म्हणून वेगळा ॲड सेट करा. पण त्याला किती पैसे द्यायचे हे मेटाच्या सांगण्यावरून ठरवा. शिकणं संपायला आठवड्याला साधारण ५० निकाल, म्हणजे आपल्यासाठी मेसेज, लागतात. १५ रुपयांच्या दराने रोज १०० रुपयांत आठवड्याला ४७ मेसेज येतील, जरासे कमी. १५० दिले तर ७०. म्हणून ६०० पैकी १५० नवीनला, ४५० जुनीला. एका वेळी एकच नवीन. तिन्हींत ते १५० वाटले तर एकीलाही पुरेसे मेसेज मिळत नाहीत.

आठवडा झाला की फक्त मेसेजचा दर पाहू नका. शेताचा व्हिडिओ लोकांना आवडतो, मेसेज स्वस्त पडतात आणि विक्री मात्र होत नाही, असं घडतं. प्रत्येक जाहिरातीला आधीच लिहून दिलेला मेसेज वेगळा ठेवा. एकीला "हळद शिजवतानाचा व्हिडिओ पाहिला, भाव सांगा," दुसरीला "वर्षाची हळद भरायची आहे". ऑर्डर वहीत लिहिताना त्यावरून कुठल्या जाहिरातीची ते कळतं. नवीन जाहिरातीची ऑर्डर जुनीइतक्याच दरात पडत असेल, तर पैसे एकदम न हलवता दोन-तीन टप्प्यांत हलवा. जुनी पूर्ण बंद करण्याची घाई नको.

आणि एक मर्यादा आपल्या भागात फार लवकर येते. नवीन व्हिडिओ पहिल्याच दिवसापासून जुन्याइतकाच सुस्त चालला, तर व्हिडिओला दोष देऊ नका. नव्या जाहिरातीची फ्रीक्वेन्सी एकपासून सुरू होते, पण त्याच बाईनं तुमच्या बाकीच्या जाहिराती पाच वेळा पाहिलेल्या असतात. म्हणून महिन्याची फ्रीक्वेन्सी एका जाहिरातीची न बघता संपूर्ण कॅम्पेनची बघा. ती चढलेली असेल तर थकली आहे ती माणसांची यादी. चार शहरांतल्या ठरावीक वयाच्या बायका हा आकडा मुळात लहान असतो. तिथे वय आणि आवडीच्या अटी काढून टाका, किंवा पुणे-पिंपरी-चिंचवड जोडा, जिथे आपल्या परभणी-हिंगोलीची कितीतरी कुटुंबं राहतात आणि गावाकडची हळद मागवतात. आणि पहिली, पाकिटाचीच जाहिरात तिथे आधी लावून बघा. त्यांच्यासाठी ती अगदी नवी आहे.