तलावपाळीवर पाच जण

[दृश्य: मासुंदा तलावाचा काठ, रविवारची संध्याकाळ. मागे गडकरी रंगायतन.]

ठाण्यात एकांकिका लिहिणाऱ्या कुणालाही 'पाच मित्र' हा विषय हाताशी असल्यासारखा वाटतो. तलावपाळीवर पाच जण गप्पा मारत बसलेले रोज दिसतात. कागदावर उतरवायला घेतलं की तिसऱ्या पानापर्यंत पाचही जण एकाच माणसासारखे बोलू लागतात. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, ते एकाच प्रवेशाच्या आधारे पाहू.

सुरुवातीची चूक बहुतेक वेळा पात्रांच्या यादीतच असते. 'एक विनोदी, एक रागीट, एक अभ्यासू, एक भावुक, एक कंजूष.' हे झाले स्वभाव. विनोदी माणूस विनोद करतो, पण त्याला समोरच्याकडून काही नको असेल तर त्याचा विनोद प्रवेश पुढे नेत नाही. म्हणून स्वभावाच्या जागी मागणी लिहायची, आणि तीही आजची. 'तिला सुखी व्हायचंय' ही मागणी इतकी मोठी आहे की कठड्यावर बसून त्यासाठी काहीच करता येत नाही. 'तिला आज रात्री पन्नास हजार हवेत' म्हटलं की ती लगेच हालचाल करू लागते.

[दृश्य: टेबलावर पाच कोरी कार्डं. त्यांवर एकेक नाव लिहिलं जातं.]

आपले पाच जण भिशी लावतात. दर महिन्याला प्रत्येकी 10,000, म्हणजे एकूण 50,000. आज तिसरा महिना. पहिली भिशी भूषणने उचलली, दुसरी रेहानाने. आता तीन चिठ्ठ्या उरल्यात: तेजश्री, अण्णा आणि किशोर. हिशेब किशोरकडे असतो.

इथे एक सोपा सापळा आहे. पाचही जणांना पैसेच हवेत असं ठरवलं, तर ती एकच मागणी पाच तोंडांनी बोलत राहील. म्हणून पैसे मध्ये ठेवायचे आणि पाच दिशांनी ओढायचे. तेजश्रीला 50,000 आजच हवेत, कारण उद्या कोपरीतल्या गाळ्याची अनामत भरायची आहे. अण्णाला पैशांची घाई नाही, त्याला चिठ्ठी नियमाने काढलेली हवी आहे. मागच्या महिन्यात रेहानाला अडचण होती म्हणून त्याला न विचारता तिला भिशी दिली गेली, ते त्याच्या मनात आहे. भूषणची पुण्याला बदली झाली आहे. त्याला भिशीतून सुटायचंय, पण आजचा हप्ता दिल्यावरही त्याचे दोन हप्ते, 20,000, अजून देणं आहे. रेहाना नेरुळहून येते. ही रविवारची भेट तुटू नये, एवढंच तिला हवंय. आणि किशोरला आठ दिवस हवेत. हप्ते आठवड्याभरात त्याच्या खात्यात आले आणि त्यातले 20,000 त्याने खर्च केले.

मागण्या अशा अडकल्या की कथानक वेगळं शोधावं लागत नाही. भूषण म्हणतो भिशी बंद करू. त्याने किशोर घाबरतो, कारण बंद करायची तर हिशेब आजच मांडावा लागेल. तेजश्री म्हणते चिठ्ठी नको, मला द्या. त्याने अण्णा दुखावतो. आणि इतका वेळ दिवस पुढे ढकलणारा किशोर अचानक अण्णाच्या बाजूने होतो: 'मग चिठ्ठीच काढू ना?' तीन चिठ्ठ्यांत एक त्याच्या नावाची आहे. ती निघाली तर कमी पडलेले पैसे कुणाला कळणारच नाहीत. हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर पुढचं पान आपोआप ताणलं जातं.

आता आवाज. इथे घाई झाली की पात्रांना पालुपदं चिकटवली जातात. एक सारखा 'भाई' म्हणतो, दुसरा 'ॲक्च्युअली'. चौथ्यांदा ऐकलं की कान किटतो. ठाणे-नवी मुंबईची गोष्ट म्हणून आगरी पात्र आणायचं असेल, तर चार शब्द उचलून भागत नाही. ती बोली घरात बोलणाऱ्याकडून आख्खा प्रवेश वाचून घ्यावा, नाहीतर ती नक्कल होते. आवाजाची खरी जागा वेगळी आहे: आपली मागणी हा माणूस उघड करतो की झाकतो, आणि कशी. 'आज चिठ्ठी काढायची ना?' या एकाच प्रश्नावर पाच जण काय म्हणतात ते ऐका.

[आवाज: पाच वेगवेगळे कलाकार.]

तेजश्री: "उद्या अकराला अनामत भरायचीय. पन्नास. आज."

किशोर: "चहा सांगितला का कुणी? आणि आजच काय एवढं?"

अण्णा: "पहिल्या रविवारी काय ठरलं होतं? सगळ्यांसमोर चिठ्ठी. मागच्या वेळी ते बाजूला राहिलं. बोललो नाही मी, पण लक्षात आहे."

रेहाना: "आपण असं करूया का, आधी काहीतरी खाऊन घेऊ. आपलं काय, घरातलंच आहे."

भूषण: "हो, म्हणजे काढा ना, माझं काही… फक्त पुढच्या महिन्यापासून मी… बघू."

तेजश्री आकडा आणि वेळ सांगते. किशोर प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो. अण्णा मागचं उकरतो. रेहाना 'मी' म्हणतच नाही, तिचं सगळं 'आपण'. भूषणचं वाक्य कर्त्याजवळ येऊन तुटतं. एकाचंही बोलणं दुसऱ्याच्या तोंडी बसत नाही, कारण प्रत्येकाला लपवायची किंवा मिळवायची गोष्ट वेगळी आहे.

पाच माणसांत दोघादोघांच्या दहा जोड्या होतात. दहाही लिहून काढाव्यात, प्रत्येकीला एक ओळ पुरते: कोण कुणाचं देणं लागतं आणि हाक काय मारतो. तेजश्री एरवी 'किश्या' म्हणते. संशय आला की 'किशोर'. तेवढ्या एका हाकेने प्रेक्षक सावध होतो. प्रवेशाचा भार मात्र दोन-तीन जोड्यांवरच टाकावा. नाहीतर संवाद पत्त्यांच्या डावासारखा पाळीपाळीने फिरू लागतो, आणि ज्याची पाळी नाही तो नुसता उभा राहतो. गप्प असलेल्याला काम द्यावं. अण्णा वहीचं पान फाडून चिठ्ठ्या करत बसला, तर एक पानभर न बोलताही तो प्रवेशात राहतो.

नेमाने बांधलेला आवाज एकदा, योग्य जागी मोडायचा असतो. प्रवेशभर प्रश्नच विचारणारा किशोर शेवटी सरळ वाक्य बोलतो: "वीस हजार कमी आहेत." त्यावर पहिलं कोण बोलणार, हा लेखकाचा मोठा निर्णय. तेजश्रीचा राग अपेक्षित आहे, म्हणून तो थांबवावा. आधी रेहाना बोलू दे, आणि पहिल्यांदाच 'मी' म्हणू दे: "मी चार महिने नेरुळहून याच्यासाठी येत नव्हते." असं लिहिलं की इथे एक चूक सहज राहते. भिशीचा हा तिसराच महिना, मग चार महिने कुठून आले? एक तर भेटी भिशीच्या आधीपासूनच्या आहेत हे सुरुवातीला पेरावं, नाहीतर आकडा बदलावा. हिशेबावर उभ्या असलेल्या प्रवेशात प्रेक्षक बोटं मोजत असतो.

[दृश्य: संहितेच्या पानावर डावीकडची नावं कागदी पट्टीने झाकलेली.]

मसुदा झाला की नावं झाकून तो तिऱ्हाइताला वाचायला द्या आणि प्रत्येक वाक्य कुणाचं ते विचारा. या पाचांत गोंधळ होईल तो बहुधा रेहाना आणि भूषणमध्ये, कारण दोघंही मऊ बोलतात आणि दोघंही वाद टाळतात. इथे नवं पालुपद शोधू नका. दोघांनाच समोरासमोर आणा. भूषण कठड्यावरून उठतो, रेहाना त्याची बॅग धरून ठेवते. त्याला निघायचंय, तिला थांबवायचंय. ही अर्ध्या पानाची झटापट लिहून झाली की मागची वाक्यं परत वाचा. जिथे भूषण तिच्यासारखा समजूत घालत असेल, ते वाक्य तिला द्या किंवा काढून टाका.