काउंटरच्या अलीकडचा हिशोब

(दृश्य: लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संध्याकाळचे सात. बसस्टँडजवळचं एक मेडिकल. काउंटरवर चार-पाच माणसं.)

सोयाबीनचे दिवस आहेत. बाजारातून आलेली माणसं गावाकडची शेवटची गाडी धरायच्या आधी इथं थांबतात. कुणाच्या हातात चिठ्ठी असते, तर कुणाच्या हातात नुसती रिकामी पट्टी. पट्टी पुढं करून म्हणतात, "भाऊ, हीच द्या."

भाऊ म्हणजे या दुकानाचे मालक. ते स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहेत. आपलं नाव आणि चेहरा दाखवू नका, एवढीच त्यांची अट होती. आपण ती पाळली आहे. गाव लहान आहे आणि पुढं जे ऐकाल त्यातली बाकीची माणसं रोज त्यांच्यासमोरून जातात.

(दृश्य: गर्दी ओसरल्यावरचं दुकान. काउंटरवर एक कॅप्सूलची पट्टी.)

गोष्ट या एका कॅप्सूलपासून सुरू झाली. पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन. लोक तिला पित्ताची गोळी म्हणतात. दहा कॅप्सूलची पट्टी. नेहमीच्या ब्रँडची छापील किंमत समजा 100 रुपये, दुकानाला ती 80 ला पडते आणि 20 रुपये उरतात. गावातल्या मेडिकलचा धंदा साधारण अशाच आकड्यांवर चालतो.

एके दिवशी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर, नवा ब्रँड घेऊन आला. औषध तेच, ताकद तीच. छापील किंमत 150 आणि दुकानाला फक्त 30.

भाऊंना कागद-पेन घेऊन बसायची गरज पडली नाही. एका पट्टीमागे 120 रुपये उरत होते. पण एमआर लगेच पुढचं बोलला. "काका, यातले साठ तुमचे. साठ डॉक्टरसाहेबांकडं महिन्याला पोचवायचे. चिठ्ठ्या येत राहतील, त्याची काळजी करू नका."

इथं जरा थांबायला हवं, कारण सगळी गोष्ट या मांडणीत आहे. कंपनीनं डॉक्टरला थेट पैसे दिले, तर ते तिच्या वहीत कुठंतरी दिसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला आयकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही. पण वाटा दुकानदाराच्या गल्ल्यातून गेला, तर कंपनीच्या वहीत फक्त स्वस्तात विकलेला माल दिसतो. पैसे पाकिटात घालणारा हात मेडिकलवाल्याचा असतो. आणि छापील किंमत 150 कशी, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. जे औषध किंमत नियंत्रणाच्या यादीत नाही, त्याची सुरुवातीची किंमत कंपनी स्वतः ठरवते. पुढं वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मर्यादा असते, पण सुरुवात कुठून करायची याला बंधन नाही.

म्हणजे तीन पट्ट्या घेणारा माणूस 300 ऐवजी 450 रुपये देतो. ते वरचे दीडशे कुणाच्या घरी जातात, हे त्याला कधीच कळत नाही.

(दृश्य: भाऊ, पाठमोरे, फडताळ लावताना.)

भाऊ म्हणाले, "पैशाचं तर आहेच. पण मला दुसरीच भीती वाटली. एकदा साठ रुपये घ्यायला लागलो की चिठ्ठी नसलेल्या माणसालाही हात त्याच पट्टीकडं जाणार."

ही भीती हवेतली नाही. डॉम्पेरिडोननं काही लोकांच्या हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साठी ओलांडलेल्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल अशी औषधं चालू असलेल्यांना धोका जास्त. छातीत जळजळतंय म्हणून आलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांना आधी विचारायचं असतं, हृदयाची गोळी चालू आहे का? जळजळ खरंच पित्ताची आहे की आणखी कशाची? ज्याला पट्टीमागे साठ रुपये मिळणार आहेत, तो हे प्रश्न कमी विचारतो. लबाडीच असते असं नाही. उत्तर नको असतं म्हणून प्रश्न आपोआप गळून पडतो.

भाऊंनी एमआरला सांगितलं, "स्कीम असेल तर बिलावर लिहून द्या."

या एका वाक्यात त्यांची सगळी पारख आहे. दहावर दोन पट्ट्या फुकट, अशी योजना बिलावर आली, बॅच नंबरसकट साठ्यात चढली, तर ती व्यापारातली सूट. ती भाऊ घेतात, त्यातलं जमेल तेवढं गिऱ्हाइकाला सोडतात. मात्र तिच्यामुळं कुणाला कुठली पट्टी द्यायची हे ठरत नाही. जे बिलावर येऊ शकत नाही, मग तो मिक्सर असो, कूपन असो, सहल असो किंवा महिनाअखेरचं पाकीट, ते दुकानात ठेवून घ्यायचं नाही. कुणी विसरल्यासारखं करून ठेवून गेलं, तर त्याच दिवशी परत करायचं.

एमआर हसला आणि निघून गेला. बिल काही आलं नाही.

आठवड्यानं डॉक्टरांचा निरोप आला, चहाला या. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सगळेच देतात. तुमचं नुकसान करून घेऊ नका."

भाऊंनी तिथं नियमांचा पाढा वाचला नाही. नियम आहेत. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांनी असं कमिशन घेऊ नये असं लिहिलंय. मार्च 2024 च्या औषध विपणन संहितेत तर कंपनीच्या वतीनं भेट देणाऱ्यांमध्ये घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचाही उल्लेख आहे. पण समोरासमोर बसून कायदा सांगितला की माणूस दुखावतो आणि मुद्दा बाजूला राहतो. भाऊ एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहिलेलं औषध माझ्याकडं असेल तर वेळेवर देईन. नसेल तर फोन करून विचारीन. पैसे मात्र माझ्याकडून होणार नाहीत."

शब्द पाळणं सोपं नव्हतं. चिठ्ठीवर तो 150 चा ब्रँड येऊ लागला. तेच औषध 100 ला फडताळात होतं, पण भाऊंनी परस्पर बदलून दिलं नाही. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी. त्यातलं औषध चिठ्ठीवर असेल, तर त्याच्या जागी दुसरं द्यायला औषध नियमांची मनाई आहे. म्हणजे कमिशन नाकारणाऱ्यालाही मनमानी करता येत नाही. ते आधी दवाखान्यात फोन लावत. हो म्हणाले, तर चिठ्ठीवर तारीख-वेळ टाकून दुसरा ब्रँड देत. नाही म्हणाले, तर पेशंटला स्पष्ट सांगत, "मावशी, ही माझ्याकडं नाही. दवाखान्याशेजारच्या मेडिकलला मिळंल. पण डॉक्टरांना एकदा विचारा, औषधाचं मूळ नाव लिहून देता का." तसं नाव लिहावं, हेही 2002 च्या त्याच आचारसंहितेत आहे.

(दृश्य: शंभर पानी वही. अक्षर दिसेल, नावं झाकलेली.)

ही वही भाऊंनी त्या दिवसापासून ठेवली आहे. तारीख, कोण आलं, काय देऊ केलं, आपण काय म्हणालो. प्रत्येक नोंद दोन ओळींची. कामाला ठेवलेल्या पोरालाही त्यांनी हीच सवय लावली, कारण मालक जेवायला गेला की भेटी पोराच्या हातात दिल्या जातात. कधी तक्रार करायची वेळ आली, कंपनीची तिच्या संघटनेच्या आचारसमितीकडे किंवा डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तर "सगळे असंच करतात" हे वाक्य उपयोगाचं नसतं. तारीख लागते.

तक्रार केली का, असं आम्ही विचारलं. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अजून नाही. इथंच राहायचंय मला."

त्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. रात्रीची विक्री बसली. दुकानाचं भाडं तेवढंच राहिलं.

(दृश्य: दुकान. साडेआठ. धोतर नेसलेले एक आजोबा.)

"भाऊ, जळजळ व्हायलीय. पित्ताची गोळी द्या."

"बाबा, हृदयाची गोळी खाता ना तुम्ही? जळजळ कधीपासून? चालताना वाढते का?"

आजोबा काउंटरला टेकून आठवू लागतात. मागं दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत. भाऊ त्यांना हातानं खुणावतात, दोन मिनिटं.