पॉज कुठे दाबायचा

नमस्कार मंडळी, आज रिअ‍ॅक्शन व्हिडिओंबद्दल बोलायचंय. कोपऱ्यात आपला चेहरा, मागे दुसऱ्याचा व्हिडिओ अख्खा चालू, आणि मधेमधे "अरे बापरे" नाहीतर "काय भारी ना". असे व्हिडिओ ढिगाने निघतात आणि मग मूळ व्हिडिओवाल्याचा कॉपीराइट क्लेम आला की आपलीच बोंब, मी तर रिअ‍ॅक्ट केलं होतं की!

यावर अमेरिकेत एक केस झाली होती, 2017 ची. एथन आणि हिला क्लाइन या यूट्यूबर जोडप्याने एकाच्या व्हिडिओची भरपूर टिंगल केली आणि त्याने थेट कोर्टात खेचलं. मूळ व्हिडिओ होता 5 मिनिटं 24 सेकंदांचा, त्यातला 3 मिनिटं 15 सेकंदांचा भाग यांनी वापरला, म्हणजे निम्म्याहून जास्त! तरी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात क्लाइनच जिंकले. का, तर त्यांचा व्हिडिओ जवळपास 14 मिनिटांचा होता, थोडा तुकडा दाखव, थांब, बोल, परत थोडा दाखव असा, आणि तो बघून कुणाची मूळ व्हिडिओ बघायची हौस भागली नसती. पण जजबाईंनी तिथेच लिहून ठेवलंय की सगळेच रिअ‍ॅक्शन व्हिडिओ यात बसत नाहीत, काही तर म्हणजे कॉमेंट्रीशिवाय चार जणांनी मिळून बघत बसणं. लोक हा भाग सोयीस्कर विसरतात.

त्यामुळे "दहा सेकंद चालतात" वगैरे जे सांगतात ना, तसा काही नियमच नाहीये.

आता समजा एका गिटारवाल्याचा 4 मिनिटांचा सोलो आहे. तो पूर्ण लावून तुम्ही डोळे मिटून मान डोलावलीत, तर ऐकणाऱ्याला सोलो तुमच्याकडेच मिळाला, तो तिकडे कशाला जाईल? त्याऐवजी फक्त ते 8 सेकंद घ्या जिथे तो तार खेचून सूर वर नेतो, पॉज करा, स्वतःची गिटार उचला, तोच सूर आधी न खेचता वाजवा, मग खेचून, आणि अर्धवट खेचला तर बेसूर कसा लागतो तेही ऐकवा. आता क्लिप तुमच्या मुद्द्यासाठी आलीये.

एडिट करताना मी एक करतो, मूळ क्लिपा सगळ्या म्यूट करतो आणि फक्त माझं ऐकतो. उरलं ते नुसतं "ओहो" आणि हसणं असेल तर मी आधी काय म्हणायचंय ते लिहून काढतो, क्लिप नंतर शोधतो. उलटं केलं की क्लिप लांबतच जाते, मोह होतो हो!

एवढं करूनही क्लेम येऊ शकतो बरं का, कारण यूट्यूबचं कंटेंट आयडी फक्त आवाज नि चित्र जुळतंय का बघतं, तुम्ही पॉज करून काय बोललात ते त्याला कळत नाही. डिस्प्यूट टाकताना कुठल्या मिनिटाला कुठला मुद्दा मांडलाय ते लिहा. मग समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात, तोवर वाट बघायची.